दुदांडी शिवराईची नोंद

मावशीच्या डबीत चार शिवराया आहेत. त्यांतल्या एकीचा फोटो माझ्याकडे होता, तो जुन्या फोनबरोबर गेला. डबी साताऱ्याला आणि मी पुण्यात. ती शिवराई नेमकी कोणती आणि कोणत्या काळातली, हे फोनवर ऐकून ठरवायचं होतं. मावशीची इच्छा होती की ती शिवाजीमहाराजांच्याच टांकसाळीतली निघावी.

पहिलं सांगणं हे, की नाणं घासू नकोस. तिने चिंच भिजत घातलीच होती. तांब्यावरचा काळपट थर अक्षरांभोवतीच्या खाचांमध्ये बसतो, त्यामुळेच अक्षरं उठून दिसतात. तो गेला की नाणं चकचकीत होतं, पण झिजलेलं अक्षर अधिकच पुसट होतं. शिवाय घासलेल्या नाण्याची झीज जुनी की कालची, हे कळत नाही.

मग वजन. स्वयंपाकघरातला काटा एकेक ग्रॅमने पुढे सरकतो. दहाएक ग्रॅमच्या नाण्याला तो निरुपयोगी आहे, म्हणून नाणं ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवलं. 9.1 ग्रॅम भरलं. शिवराई गोल नसते, म्हणून व्यास दोन दिशांनी घ्यावा लागतो. व्हर्नियरवर 20 आणि 22 मिलिमीटर आले, जाडी सुमारे 3. हे आकडे एकमेकांना तपासतात. या मापाच्या चकतीचं घनफळ हजार घनमिलिमीटरच्या थोडं वर जातं. तांब्याचा एक घन सेंटिमीटर जवळपास 8.9 ग्रॅमचा असतो, म्हणजे वजन नऊच्या पुढे थोडंसं यायला हवं. कड गोलसर झिजलेली धरली तर 9.1 बरोबर बसतं. हेच वजन सात भरलं असतं, तर मी आधी माप पुन्हा घ्यायला लावलं असतं आणि मगच धातूबद्दल शंका घेतली असती. झिजून किती गेलं ते मात्र यातून कळत नाही. म्हणून नोंदीत आजचं वजनच लिहावं, मूळ वजनाचा अंदाज त्यात मिसळू नये.

खरी अडचण अक्षरांची आहे. मावशी नाणं हातात घेताच म्हणाली, "श्री राजा शिव लिहिलंय." ती वाचत होती, पाहत नव्हती. एका बाजूला तीन ओळींत श्री, राजा, शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्र, पति, हे आपल्याला आधीच माहीत असतं. डोळा अर्धवट अक्षर पूर्ण करून टाकतो. पण खोदणाऱ्या कारागिराने कुठे 'शिव' कोरलंय, कुठे 'सिव', कुठे वेलांटी दीर्घ. ओळख पटते ती या फरकांवरून. "मावशी, वाचू नकोस. नाण्यावर घड्याळ आहे असं समज आणि बारा वाजल्यापासून काय दिसतं ते सांग," असं म्हटल्यावर माहिती बदलली. बारावर फक्त एका उभ्या दांड्याचा खालचा तुकडा, 'श्री' चकतीबाहेर गेलेली. मध्ये 'राजा' पूर्ण. खाली वेलांटीचा दांडा अक्षराच्या डावीकडे, म्हणजे ऱ्हस्व. तीनपासून पाचपर्यंत कडेला ठिपक्यांची ओळ, नंतर ती नाही.

जे नाही तेही लिहायचं. शिवराईचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे आणि घणाचा घाव नेमका मध्यभागी बसत नसे, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर ठशाचा वेगळा तुकडा उमटला. एकाच ठशाची दोन नाणी त्या कापलेल्या भागावरून वेगळी ओळखता येतात.

दुसरी बाजू सांगताना ती सहज म्हणाली, "छत्र आणि पति यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा आहेत." प्रश्न तिथेच सुटला. या दोन रेघांमुळेच अशा नाण्याला दुदांडी शिवराई म्हणतात, आणि ती उत्तरकाळातली आहे, महाराजांच्या काळातली नाही. मावशी थोडा वेळ गप्प झाली. मी तरीही त्या रेघा पेन्सिलीने उमटवायला सांगितल्या. पातळ कागद नाण्यावर धरून शिशाची पेन्सिल आडवी फिरवायची. अशाने ओरखडा आणि खोदलेली रेघ यांतला फरक कळतो, कारण ठशात खोदलेली रेघ नाण्यावर उंच उमटलेली असते आणि ओरखडा खोल असतो.

कड शेवटी पाहिली, पण तिच्याकडे लोक सहसा बघतही नाहीत. घणाने पाडलेल्या नाण्याच्या कडेला यंत्राचे दाते नसतात. तिथे फाटलेल्या चिरा असतात, कारण घावाखाली तांबं बाहेर पसरतं. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर बऱ्याचदा शिवण दिसते, किंवा ती लपवण्यासाठी कानशीने घासल्याच्या खुणा. मावशीने नखाने चाचपून सांगितलं, की एक चीर चारच्या जागी आहे, शिवण कुठे लागत नाही. फोटोतली ती चीर मला आठवत होती आणि डबीतल्या बाकी तिघींना चारला चीर नव्हती, म्हणून फोटोतली तीच हेही पक्कं झालं.

मी लिहिलेली नोंद अशी: 'दुदांडी शिवराई, तांबे, 9.1 ग्रॅम, 20 ते 22 मिमी, जाडी सुमारे 3 मिमी. श्री कापलेली, राजा पूर्ण, वेलांटी ऱ्हस्व. ठिपके 3 ते 5. कडेला चीर 4 वाजता, शिवण नाही. साफ केलेले नाही.' टांकसाळीचा रकाना कोरा ठेवला आहे. त्यासाठी नाणं हातात घेऊन ठशांशी ताडून पाहावं लागेल.