फोनवरचं बोलणं कागदावर

‘आवश्यक कागदपत्रे प्राप्त न झाल्यामुळे आपला दावा बंद करण्यात आला आहे.’ आरोग्य विम्याचे पैसे परत मिळण्याची वाट बघणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर असा एसएमएस येतो, तेव्हा तो आधी चक्रावतो आणि मग चिडतो. कागदपत्रं दिलेली असतात. कॉल सेंटरवरच्या मुलीनेही ‘सगळं मिळालंय सर, फाइल प्रोसेसमध्ये आहे’ असं सांगितलेलं असतं. पण ती कोणत्या तारखेला म्हणाली, तिचं नाव काय होतं, कागद कोणत्या ईमेलवर पाठवले होते, हे विचारलं की बहुतेकांकडे उत्तर नसतं. कंपनीकडे मात्र असतं. तिथे प्रत्येक फोन ध्वनिमुद्रित होतो आणि प्रत्येक ईमेलला क्रमांक पडतो. उधारीची वही फक्त दुकानदाराकडेच असावी, असा हा व्यवहार आहे.

दुसरी वही आपल्याकडे ठेवायला फारसे कष्ट लागत नाहीत. त्या वहीत नेमकं काय असावं आणि पुढे तक्रार किंवा खटला झाला तर ती कुठे उपयोगी पडते, हे समजण्यासाठी नमुन्यादाखल एक दावा घेऊ.

नाशिकच्या एका सेवानिवृत्त शिक्षकांचं पित्ताशयाच्या खड्याचं ऑपरेशन झालं. इस्पितळ कंपनीच्या यादीत नव्हतं, त्यामुळे बिल आधी खिशातून भरलं आणि नंतर परताव्याचा दावा केला. त्यांच्या मुलीने पहिल्या दिवसापासून एक साधी वही घातली. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, कोणाशी बोलणं झालं, काय ठरलं आणि कोणता क्रमांक मिळाला एवढंच. त्यातल्या काही नोंदी अशा:

18 जून, सकाळी 11:20. शाखेत फाइल दिली, 46 पानं. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली.

2 जुलै. टीपीएचा ईमेल: इनडोअर केस पेपर्स आणि डॉक्टरांची पहिली चिठ्ठी हवी.

5 जुलै, दुपारी 3:40. दोन्ही कागद त्याच ईमेलला उत्तर देऊन पाठवले. लगेच आपोआप पोच आली, त्यात सर्व्हिस रिक्वेस्ट क्रमांक.

9 जुलै, सकाळी 10:15. टोल-फ्री नंबरवर बोलणं, बारा मिनिटं. प्रतिनिधी म्हणाले, कागद मिळाले, काही बाकी नाही. कॉलचा क्रमांक घेतला. 10:45 ला ईमेल करून हेच कळवलं.

24 जुलै. एसएमएस: कागदपत्रं न मिळाल्याने दावा बंद.

या सगळ्यात सर्वांत मोलाची नोंद 9 जुलैची आहे, आणि तीही फोनमुळे नाही, तर पाऊण अकराच्या ईमेलमुळे. आपण आपल्या वहीत लिहिलेलं शेवटी आपलंच म्हणणं. समोरचा ते नाकारू शकतो. पण त्याच दिवशी कंपनीला ‘आज सकाळी आपल्या प्रतिनिधींशी बोलणं झालं, त्यांनी सर्व कागद मिळाल्याचं सांगितलं, यात काही चूक असल्यास दोन दिवसांत कळवावं’ असं चार ओळीत लिहून पाठवलं, की ते बोलणं कंपनीच्या स्वतःच्या नोंदीत जाऊन बसतं. कंपनीने त्यावर काही कळवलं नाही, तर पुढे ‘आमचा माणूस असं म्हणालाच नाही’ हे म्हणणं तिला जड जातं. शिवाय तारीख, वेळ आणि क्रमांक हाताशी असल्याने तिच्याकडे असलेलं ध्वनिमुद्रण नेमकं कोणतं, हेही बोट ठेवून सांगता येतं. ‘जुलैमध्ये कधीतरी फोन केला होता’ एवढ्यावर ते कोणी शोधत नाही.

क्रमांकांचा घोळ हा या वहीतला दुसरा मोठा भाग. एकाच दाव्याला चार-पाच क्रमांक पडतात. पॉलिसीचा एक, कंपनीचा दावा क्रमांक दुसरा, टीपीएचा वेगळा, प्रत्येक विनंतीचा सर्व्हिस रिक्वेस्ट क्रमांक निराळा. टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीने दाव्यांचं काम पाहणारी मध्यस्थ संस्था. तिला कागद पाठवताना कंपनीचा क्रमांक घातला, तर ईमेल भलत्याच खात्यात पडून राहण्याची शक्यता असते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर सगळे क्रमांक, कोणता कोणाचा ते लिहून, आणि प्रत्येक ईमेलच्या विषयात पॉलिसी व दावा हे दोन्ही क्रमांक, ही सवय बरी.

त्याहून महत्त्वाचा फरक ‘विनंती’ आणि ‘तक्रार’ यांतला. कॉल सेंटरवर कितीही चिडून बोललं, तरी पलीकडचा माणूस संगणकात ती बहुधा चौकशी किंवा विनंती म्हणूनच नोंदवतो. विमा लोकपालाकडे जायचं असेल, तर मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. ती फेटाळली गेली, एक महिन्यात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तरच लोकपाल प्रकरण हाती घेतात. म्हणजे वर्षभर फोन केले आणि लेखी तक्रार एकही केली नाही, तर ते महिन्याचं घड्याळ सुरूच झालेलं नसतं. नाशिकच्या मुलीने 25 जुलैला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. विषयातच ‘तक्रार’ असं स्पष्ट लिहिलं, 5 आणि 9 जुलैचे ईमेल जोडले आणि तक्रार क्रमांक मागून घेतला. विमा नियामकाच्या, म्हणजे इर्डाच्या नियमांप्रमाणे कंपनीने तक्रारीचा निकाल 14 दिवसांत लावायचा असतो. तसं झालं नाही तर इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या नंबरवर तक्रार नोंदवता येते. तिथला क्रमांकही वहीत गेला पाहिजे.

या ईमेलमध्ये तिने आणखी एक गोष्ट मागितली: दावा नाकारला असेल तर त्याचं कारण, पॉलिसीतल्या नेमक्या कलमासह, लेखी द्यावं. दावा ‘बंद’ करणं आणि ‘नाकारणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद झालेल्या दाव्यात नकाराचं पत्र निघत नाही. पत्र नसलं की नेमकं कशाविरुद्ध भांडायचं हेच ठरत नाही, आणि कंपनीला पुढे नवं कारण काढायला जागा राहते. नकाराचं पत्र हातात असलं की ही जागा आक्रसते. सौराष्ट्र केमिकल्स विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या प्रकरणात 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा लावून धरला. नुकसानीची खबर उशिरा दिली, हा आक्षेप कंपनीने नकाराच्या पत्रात घेतला नव्हता, तो नंतर आयोगापुढे काढला. पत्रात नसलेलं कारण नंतर पुढे करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणून नकाराचं पत्र ज्या तारखेला हाती आलं ती तारीख, लिफाफ्यासकट किंवा मूळ ईमेलसकट, जपून ठेवायची.

कॅशलेस दाव्यात ही वही दिवसांऐवजी मिनिटांनी लिहावी लागते. 29 मे 2024 च्या इर्डाच्या मास्टर परिपत्रकानुसार कॅशलेसची मागणी आल्यावर एका तासात निर्णय व्हावा आणि इस्पितळाने घरी सोडण्याची अंतिम मंजुरी मागितल्यापासून ती तीन तासांत मिळावी. त्याहून उशीर झाला आणि इस्पितळाने त्यापायी जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे आहेत. पण तीन तास कधी सुरू झाले? नातेवाईक ‘डॉक्टरांनी सकाळी दहालाच डिस्चार्ज सांगितला’ असं म्हणतात. प्रत्यक्षात इस्पितळाच्या विमा कक्षातून अंतिम बिल दुपारी एकला गेलेलं असतं. कंपनीचं घड्याळ एकपासून चालतं. त्यामुळे विमा कक्षातल्या माणसाला बिल पाठवल्याची वेळ विचारून, जमल्यास पडद्यावरच्या त्या नोंदीचा फोटो मागून, वहीत टिपावी. तीन तासांत उत्तर आलं नाही तर तिथूनच कंपनीला ईमेल जावा. उशीर इस्पितळाचा होता की कंपनीचा, हे नंतर त्याच दोन वेळांवरून ठरतं.

वही जशी लिहायची तसे पुरावेही जपायचे. एसएमएस मोबाइल बदलला की जातात, त्यामुळे नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून तो ईमेलने स्वतःलाच पाठवून ठेवावा. ईमेल मूळ खात्यातून पुसू नयेत, फक्त छापील प्रत पुरेशी नसते. हे न्यायालयापर्यंत गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडण्याचा प्रश्न येतो. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने, मूळ उपकरणच न्यायालयापुढे नसेल तर असं प्रमाणपत्र लागतंच, असं स्पष्ट केलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही तरतूद कलम 63 मध्ये आहे. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम इतक्या काटेकोरपणे लावले जात नाहीत, पण वकिलाकडून ते प्रमाणपत्र करून घेतलं तर विरुद्ध बाजूचा एक आक्षेप कमी होतो.

या वहीच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. पॉलिसीत जो आजार वगळलेला आहे किंवा ज्याची प्रतीक्षा मुदत संपलेली नाही, त्याचे पैसे कितीही नीटस नोंदींनी मिळत नाहीत. पॉलिसी घेताना जुना मधुमेह लपवला असेल तर तेही वहीने झाकलं जात नाही. सगळ्यात फसवी मर्यादा मुदतीची आहे. नकार आल्यावर वर्षानुवर्षं स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. लोकपालाकडे जायला तक्रार फेटाळल्यापासून एक वर्ष मिळतं. म्हणून वहीत नकाराची तारीख लिहिताच त्याखाली या दोन शेवटच्या तारखाही लिहून ठेवाव्यात.

लोकपालाकडे फी लागत नाही, वकील चालत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतची प्रकरणं तिथे जातात. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात ही कार्यालयं आहेत. सुनावणीत वेळ थोडा असतो, त्यामुळे पन्नास ईमेलचा गठ्ठा पुढे करण्यापेक्षा वहीवरून केलेली एक पानी तारीखवार यादी आणि प्रत्येक ओळीसमोर जोडपत्राचा क्रमांक, हे जास्त उपयोगी. नाशिकच्या प्रकरणात अशा यादीत पाचच ओळी पुरतात. पाचवी ओळ एसएमएसची, आणि तिच्या वरच्या दोन ओळी ‘कागदपत्रे प्राप्त झाली नाहीत’ हे कंपनीचं वाक्य खोडून काढतात. लोकपालांनी विमेदाराच्या बाजूने निवाडा दिला, तर कंपनीने तो 30 दिवसांत पाळायचा असतो. निवाडा पटला नाही तर विमेदाराला ग्राहक आयोगाचं दार मोकळं राहतं, आणि तिथेही हेच जोडपत्र लागतं.