चार सेकंदांची शांतता

संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भागच जातो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या अभ्यासात भाषेगणिक थोडा फरक आढळला, पण साधारण चाल हीच होती. मनात शब्द जुळवून तो उच्चारायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचे वाक्य पुरे व्हायच्या आतच ऐकणाऱ्याच्या मनात उत्तर तयार होत असते.

या वेगाची सवय झालेल्या कानाला चार सेकंदांची शांतता नेहमीच्या अंतराच्या वीसपट वाटते. त्यात अर्थाची भर पडते. होकार बहुधा चटकन येतो, नकार मात्र जरा अडखळत येतो. त्यामुळे उत्तराला उशीर झाला की काहीतरी बिनसले, अशी शंका येते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०११ साली दाखवले, की गप्पांच्या ओघात चार सेकंदांचा खंड पडला तरी माणसाला आपण नाकारले गेल्यासारखे वाटू शकते. शंका आली की लक्ष विषयावरून उडून वेळेवर खिळते, आणि ज्या वेळेकडे लक्ष असते तो लांबतो.

नोकरीच्या मुलाखतीत हे स्पष्ट दिसते. आधीची नोकरी का सोडली, या प्रश्नाला उमेदवार नेमके उत्तर देतो. तिघे परीक्षक गप्प राहतात. ही शांतता उमेदवाराला असह्य होते आणि ‘म्हणजे, तिथे तसे वादही होते’ असे अनावश्यक वाक्य तो जोडतो. उत्तर बिघडते ते इथे. प्रत्यक्षात एक परीक्षक गुण लिहीत असतो, तर दुसरा पुढचा प्रश्न शोधत असतो.

अशा वेळी आधी समोरच्याकडे पाहावे. पेन चालू असेल किंवा नजर कागदावर अथवा वर कुठेतरी लागलेली असेल, तर तो विचारात आहे. त्याला वेळ द्यावा. एक सावकाश श्वास घेऊन सोडेपर्यंत तीन-चार सेकंद सहज जातात. तेवढ्यात बहुतेक वेळा समोरचाच बोलतो. नजर उमेदवाराकडेच असेल आणि कोणी बोलत नसेल, तर ‘याबद्दल आणखी काही सांगू का?’ एवढे विचारणे पुरते. घरगुती गप्पांत विषय संपला असेल, तर मघाशी अर्धवट राहिलेल्या मुद्द्याकडे वळावे. नवा विषय ओढूनताणून काढण्यापेक्षा ते सोपे जाते.

सगळ्याच शांततेला हा उपाय लागू पडत नाही. व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोहोचल्यानेही खंड पडतो. तिथे घाईने बोलले की दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळते. टोचणाऱ्या शब्दानंतर समोरच्याची मान खाली गेली, त्याची उत्तरे एकेका शब्दावर आली, तर ती शांतता दुखावल्याची असते. तिथे वाट पाहणे पुरत नाही. काय लागले ते विचारावे आणि चूक असेल तर तशी कबुली द्यावी.