पिंपात वाइन मावते किती?

१६१३ साली ऑस्ट्रियात द्राक्षांचे पीक भरघोस आले होते. डॅन्यूब नदीतून आलेली वाइनची पिंपे लिंझ शहराच्या काठावर रचून ठेवलेली असत. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केपलर यांचे त्याच वर्षी दुसरे लग्न झाले आणि घरासाठी त्यांनी काही पिंपे विकत घेतली. विक्रेता आला तो एक काठी घेऊन. पिंपाच्या पोटावर मधोमध असलेल्या भोकातून त्याने काठी तिरकी आत सारली, झाकणाच्या खालच्या कडेला टेकवली, काठीवरचा आकडा वाचला आणि पिंपात किती वाइन आहे ते सांगून टाकले. प्रत्येक पिंपाला तीच काठी, तीच रीत.

केपलर यांना हे खटकले. पिंप आखूड आणि गरगरीत असो की लांब आणि निमुळते, भोकापासून कडेपर्यंतचे तिरके अंतर सारखे येऊ शकते. मग आत मावणारी वाइनही सारखीच कशी असेल? या प्रश्नाचा पिच्छा पुरवताना त्यांनी ९० हून अधिक घनाकृतींचा विचार केला आणि १६१५ मध्ये लिंझमध्येच पिंपांच्या घनफळावर एक लॅटिन पुस्तक छापले.

पिंपाची अडचण अशी की ते सरळ नळकांडे नसते. नळकांड्याचे घनफळ शाळेत शिकवतात: तळाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले लांबी. पिंपाची त्रिज्या मात्र मध्यावर जास्त असते आणि दोन्ही टोकांकडे कमी होत जाते. पण एक गोष्ट सोयीची आहे. पिंप म्हणजे एक वक्र रेषा अक्षाभोवती पूर्ण फिरवून तयार झालेला आकार. त्यामुळे अक्षाला काटकोनात कुठेही कापले तरी काप वर्तुळाकारच मिळतो. काकडी चिरावी तशा पिंपाच्या चकत्या केल्या, तर प्रत्येक चकती जवळजवळ एक बुटके नळकांडे असते.

या ‘जवळजवळ’ शब्दातच सगळा प्रश्न आहे. चकत्या एकमेकींत घुसत नाहीत आणि मिळून पूर्ण पिंप व्यापतात, म्हणून त्यांच्या घनफळांची बेरीज हे पिंपाचे घनफळ, यात शंका घेण्यासारखे काही नाही. पण प्रत्येक चकतीची कड किंचित तिरकी असते आणि आपण ती सरळ धरतो. प्रत्येक चकतीत थोडी चूक होणार आणि चकत्या वाढवल्या की चुकांची संख्याही वाढणार. मग त्या साचून उत्तर बिघडवत का नाहीत?

एक पिंप घेऊन पाहू. लांबी ८० सेंमी, मध्यावर त्रिज्या ३० सेंमी, टोकांना २५ सेंमी. फुगवट्याचा आकार अन्वस्ताचा धरला, तर मध्यापासून x अंतरावर त्रिज्या 30 − x²/320 इतकी भरते. आता पिंपाच्या २० सेंमी जाडीच्या चार चकत्या करू. प्रत्येक चकतीचे एक तोंड मोठे, एक लहान. सगळीकडे मोठे तोंड धरून नळकांडी मोजली, तर एकूण सुमारे २१७ लिटर येतात. लहान तोंड धरले, तर १८२.४ लिटर. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये असलेच पाहिजे, पण ३४.६ लिटरची ही दरी फार मोठी आहे.

ती दरी नेमकी कशाची बनली आहे ते पाहिले की उलगडा होतो. मध्यापासून उजवीकडे जा. पहिल्या चकतीचे लहान तोंड हेच दुसऱ्या चकतीचे मोठे तोंड असते. त्यामुळे मोठ्या बेरजेतून लहान बेरीज वजा करताना मधली सगळी तोंडे कटतात. उरतात फक्त दोन: मध्यावरचे सर्वांत मोठे वर्तुळ आणि टोकाचे सर्वांत लहान. त्यांच्या क्षेत्रफळांतला फरक सुमारे ८६४ चौरस सेंमी आहे. म्हणजे अर्ध्या पिंपातील सगळ्या चुका एकत्र केल्या तरी त्या एकाच चकतीच्या जाडीत मावतात, मग चकत्या चार असोत की चार हजार.

म्हणून जाडी कमी केली की दरी त्याच प्रमाणात आटते. एक सेंमी जाडीच्या चकत्या केल्या, तर दोन्ही बाजू धरून ती सुमारे १.७३ लिटर उरते. एक मिलिमीटर केल्या, तर १७३ मिलिलिटर. जाडी हवी तितकी कमी करता येते, त्यामुळे दोन्ही बेरजांच्या मध्ये कायम टिकून राहील अशी एकच संख्या शिल्लक राहते. तेच पिंपाचे घनफळ. आकाराला आतून आणि बाहेरून नळकांड्यांच्या कात्रीत पकडण्याची ही युक्ती आर्किमिडीज यांनी ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातच वापरली होती. कलनशास्त्राने पुढे तिला एका ओळीत बसवले:

V = π∫[r(x)]² dx

कंसातली r(x) ही त्या जागची त्रिज्या, dx ही चकतीची जाडी आणि लांबट चिन्ह बेरजेचे. आपल्या पिंपासाठी हे संकलन −40 ते 40 केले की 64400π घन सेंमी, म्हणजे सुमारे २०२.३ लिटर मिळतात.

सूत्र वापरताना एक चूक हमखास होते: आधी त्रिज्यांची सरासरी काढायची आणि मग तिचा वर्ग करायचा. आपल्या पिंपात याने सुमारे अर्ध्या लिटरचाच फरक पडतो, म्हणून चूक लपून राहते. शंकूवर ती उघडी पडते. शंकूची सरासरी त्रिज्या तळाच्या त्रिज्येच्या निम्मी. तिचा वर्ग केला, तर घनफळ नळकांड्याच्या एक चतुर्थांश येते. खरे उत्तर एक तृतीयांश आहे. चकतीत मावणारा द्रव त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून आधी वर्ग आणि मग बेरीज.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. सरळ कडेच्या या चकत्या पृष्ठफळासाठी चालत नाहीत. त्रिज्या ३ आणि उंची ४ असलेला शंकू घ्या. चकत्यांच्या उभ्या कडांची बेरीज कितीही बारीक कापले तरी 12π कडे जाते, पण शंकूची वक्र बाजू 15π आहे. पायऱ्यांच्या कोपऱ्यांत अडकलेली जागा चकत्या पातळ होताच नाहीशी होते; उताराची लांबी मात्र पायऱ्यांच्या उभ्या बाजूंनी कधीच भरून निघत नाही. म्हणून पृष्ठफळासाठी तिरक्या पट्ट्याच मोजाव्या लागतात.

आणि विक्रेत्याची काठी? केपलर यांना आढळले की ऑस्ट्रियातील पिंपांचा घाट असा होता की ठरावीक तिरक्या अंतरासाठी घनफळ जवळपास कमाल असे. कमाल जागेच्या आसपास आकार थोडा बदलला तरी घनफळ फारसे हलत नाही, म्हणून तिथे काठी चालून जात होती. लांबुडक्या पिंपांवर मात्र तिने मोठा घोटाळा केला असता.

जर्मन भाषक देशांत त्यांच्या नावाने पिंपाचा एक नियमही शिकवतात. दोन्ही टोकांची क्षेत्रफळे आणि मधल्या क्षेत्रफळाची चौपट यांची बेरीज करायची, तिला लांबीने गुणायचे आणि सहाने भागायचे. आपल्या पिंपाला तो लावला, तर सुमारे २०३.२ लिटर येतात. केवळ तीन वर्तुळे मोजून एका लिटरपेक्षाही कमी चूक. शंकू किंवा गोल असेल, तर हा नियम बिनचूक उत्तर देतो. पिंपाला कुठे पोचा पडला असेल किंवा कड मध्येच आत-बाहेर होत असेल, तर मात्र तीन वर्तुळांना त्याचा पत्ता लागत नाही आणि पुन्हा जास्त चकत्या मोजाव्या लागतात.