नॉमिनी, भाडेकरू आणि सत्तर प्रश्न

ठाण्यातल्या एका गृहनिर्माण सोसायटीत सभासदांना 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' अशी एक पुस्तिका देतात. प्रत्येक नव्या कमिटीने मागच्या कमिटीच्या पानांना आपली पानं जोडली, त्यामुळे प्रश्न सत्तरच्या घरात गेले. ते कुठल्या क्रमाने होते? ज्या क्रमाने भांडणं झाली त्या क्रमाने. पार्किंगचा प्रश्न पाचवा, त्याच पार्किंगचा दुसरा प्रश्न अडतिसावा आणि दोन्हींची उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती. पुस्तिका घरात असूनही लोक मॅनेजरला फोन करायचे, आणि ते बरोबरच होतं. फोनवर उत्तर लवकर मिळायचं.

ही पुस्तिका नव्याने लावायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांचा पहिला सल्ला होता, 'विषयवार गट पाडा.' पण विषय कोणाचे? कमिटीचे विषय ठरलेले असतात: सभासदत्व, हिशेब, देखभाल, प्रशासन. घर विकायला निघालेला माणूस असा विचार करत नाही. त्याच्यापुढे एक प्रसंग असतो आणि त्या एका प्रसंगात कमिटीचे चारही विषय येतात. म्हणून प्रत्येक प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आणि काही रहिवाशांना, त्यात दोन भाडेकरूही होते, चिठ्ठ्यांचे ढीग लावायला सांगितले. ढिगांना नावंही त्यांनीच दिली: घर विकताना, घर भाड्याने देताना, सभासदाचं निधन झाल्यावर, गळती आणि दुरुस्ती, महिन्याचं बिल, गाडी. 'प्रशासकीय बाबी' हे नाव एकानेही सुचवलं नाही. असं नाव असलेल्या गटात कोणी डोकावतही नाही.

काही चिठ्ठ्या दोन ढिगांत जाऊ पाहतात. भाडेकरूची गाडी कुठे लावायची, हा प्रश्न गाडीचा की भाड्याचा? अशा वेळी उत्तर दोन्हीकडे छापायचा मोह होतो. तो टाळायचा, कारण पुढच्या वर्षी नियम बदलला की एकीकडचं उत्तर दुरुस्त होतं आणि दुसरीकडचं तसंच राहतं. जुन्या पुस्तिकेत पार्किंगचं नेमकं हेच झालं होतं. उत्तर एकाच ठिकाणी ठेवायचं आणि दुसऱ्या गटात 'गाडी, प्रश्न 3 पाहा' एवढंच लिहायचं.

खरं काम यानंतर सुरू होतं. एक जुना प्रश्न असा होता: 'फ्लॅट विकताना अथवा भाड्याने देताना सोसायटीची एनओसी घेणे बंधनकारक आहे काय व त्यासाठी किती रक्कम भरावी लागते?' हे एक वाक्य दिसत असलं तरी त्यात चार प्रश्न आहेत आणि विक्रीचा नियम भाड्याला लागू पडत नाही. खालचं उत्तर दीड पानाचं होतं. ते लांबलं होतं, कारण प्रश्नच गाठोड्यासारखा होता.

तो फोडल्यावर 'घर विकताना' या गटात दोन प्रश्न आले. पहिला, 'घर विकताना सोसायटीची एनओसी लागते का?' उत्तर: 'नाही. आदर्श उपविधींनुसार ती सक्तीची नाही. बँक किंवा दुसऱ्या कोणी मागितली तर अर्ज करा, कमिटी महिन्याभरात त्यावर निर्णय घेते. मात्र हस्तांतराची 15 दिवसांची पूर्वसूचना द्यावीच लागते.' दुसरा, 'घर विकताना सोसायटीला किती पैसे द्यावे लागतात?' उत्तर: 'महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्य जास्तीत जास्त 25,000 रुपये. हस्तांतर शुल्क 500 रुपये आणि नव्या सभासदाची प्रवेश फी 100 रुपये वेगळी. घर कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावावर होत असेल तर अधिमूल्य नाही.'

दोन्ही प्रश्न 'घर विकताना' या शब्दांनीच सुरू होतात. पानावरून नजर खाली उतरते तेव्हा ती प्रत्येक ओळीचे पहिले दोन-तीन शब्दच टिपते. तिथे प्रसंग दिसला तर माणूस थांबतो. मराठीत 'किती', 'कोणती', 'का' हे शब्द वाक्यात पुढे ढकलता येतात, त्यामुळे हे सोपं जातं. एका ठिकाणी 'मला', दुसरीकडे 'सभासदाने', तिसरीकडे 'आपण' असंही ठेवायचं नाही. आणि उत्तराचा पहिला शब्द 'हो', 'नाही' किंवा आकडा. अपवाद त्यानंतर, कुठे जायचं ते शेवटी.

शब्द सारखे ठेवण्याच्या भरात मात्र एक धोका असतो. बिल, मेंटेनन्स, देखभाल खर्च, सेवाशुल्क हे सगळे शब्द पुस्तिकेत मिसळून आले होते. सरसकट 'मेंटेनन्स' करून टाकावं असं वाटतं. पण त्यातला एक शब्द वेगळा आहे. घर भाड्याने दिलं की सोसायटी बिनभोगवटा शुल्क, लोकांच्या तोंडी नॉन-ऑक्युपन्सी, आकारते. 2001च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क हा बिलाचा एक भाग आहे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, दुरुस्ती निधी हे त्यात येत नाहीत. समजा महिन्याचं बिल 4,000 रुपये आणि त्यात सेवाशुल्क 1,500 रुपये. मग बिनभोगवटा शुल्क 150 रुपये होतं. उत्तरात 'मेंटेनन्सच्या 10 टक्के' लिहिलं की ते 400 होतं आणि सभासद दर महिन्याला 250 रुपये जास्त भरत राहतो. ज्या शब्दांचा अर्थ एक आहे त्यांनाच एकत्र करावं. बिलावर जो शब्द छापलेला असतो तोच उत्तरात ठेवला की गोंधळ कमी होतो.

उत्तर छोटं करतानाही असंच जपावं लागतं. जुन्या पुस्तिकेत सगळ्यात आटोपशीर उत्तर नॉमिनीबद्दल होतं: 'सभासदाच्या मृत्यूनंतर फ्लॅट नॉमिनीच्या नावे होतो.' सहा शब्दांचं हे उत्तर भावाभावांत कज्जा लावायला पुरेसं आहे. 2019मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी आलेल्या प्रकरणानुसार, वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. म्हणून नवं उत्तर थोडं लांबलं: 'नाही. वारस ठरेपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद होतो. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. नॉमिनीने मृत्यूच्या दाखल्यासह कमिटीकडे अर्ज करावा.' प्रश्नही बदलला. 'फ्लॅट कोणाचा होतो?' याऐवजी 'सभासदाचं निधन झाल्यावर नॉमिनी घराचा मालक होतो का?' असा ठेवला, कारण लोक घाबरत विचारतात ते हेच. माझी मोजपट्टी साधी आहे: जी अट काढल्यावर वाचणारा चुकीचं पाऊल उचलेल ती ठेवायची, बाकीची कापायची. कलमांचे क्रमांक, ठरावांच्या तारखा, 'सर्व सभासदांनी कृपया नोंद घ्यावी' हे सगळं गेलं. मिनतवारी फक्त तारखांसाठी झाली, कमिटीच्या सेक्रेटरींना त्या फार प्रिय होत्या.

काही प्रश्न कोणी कधी विचारलेच नव्हते. 'कमिटीने गेल्या वर्षात कोणती कामे केली?' हा प्रश्न कमिटीनेच कमिटीला विचारलेला. असे प्रश्न ओळखायला मॅनेजरची तक्रारवही पुरते. वर्षभरात एकदाही न आलेला प्रश्न बाहेर. गटातला क्रमही त्याच वहीवरून लावला, सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न वर. ब्रिटिश सरकारच्या GOV.UK या संकेतस्थळाचा लेखनविषयक नियम तर असे प्रश्नसंच करूच नका म्हणतो, कारण त्यात मूळ माहितीचीच पुनरुक्ती होते. सोसायटीत मूळ माहिती उपविधींच्या जाडजूड पुस्तकात असते आणि ते कपाटात असतं, त्यामुळे इथे पुस्तिका हवीच. पण बिल कसं भरायचं हे बिलावरच छापलं तर तो प्रश्न पुस्तिकेत लागत नाही. तसे काही प्रश्न आम्ही हलवले.

छापण्याआधी तपासणी झाली. ज्यांनी ढीग लावले नव्हते अशा रहिवाशांना प्रसंग सांगितले: 'वरच्या घरातल्या बाथरूमचं पाणी तुमच्या भिंतीत झिरपतंय, खर्च कोणाचा ते शोधा.' उत्तर समजतं का हे नंतर, आधी कोणता गट उघडतात ते पाहायचं. बरेच जण 'गळती आणि दुरुस्ती'कडे गेले, पण तिथला पहिला प्रश्न गच्चीच्या गळतीचा होता. ती दुरुस्ती सोसायटीची असते, म्हणून दोघांनी तेवढं वाचून पुस्तिका मिटली. पुढचा प्रश्न, ज्यात वरच्या घरातल्या गळतीचा खर्च त्या घराच्या सभासदाचा असं लिहिलं होतं, त्यांनी पाहिलाच नाही. आम्ही प्रश्नांची सुरुवात बदलली: 'गच्चीतून गळती झाली तर…' आणि 'वरच्या घरातून गळती झाली तर…'.

जुने क्रमांक मात्र एका रात्रीत मोडता आले नाहीत. नोटीस बोर्डावर आणि थकबाकीच्या पत्रांत 'प्रश्न क्र. 41 पाहा' असे उल्लेख होते. म्हणून शेवटच्या पानावर जुना क्रमांक आणि त्याची नवी जागा असा तक्ता दिला आणि प्रत्येक उत्तराखाली ते शेवटचं कधी तपासलं तो महिना लिहिला. तक्ता पुढच्या वार्षिक सभेपर्यंत ठेवायचा ठरलं आहे.