‘सी-टू-एच’ला होकार देण्याआधी

पुणे, बंगळूर, हैदराबादच्या आयटी क्षेत्रात ‘सी-टू-एच’ म्हणजे ‘कॉन्ट्रॅक्ट टू हायर’. सहा किंवा बारा महिने कंत्राटावर काम करायचे आणि काम पसंत पडले तर कायम व्हायचे, असा हा प्रकार. यात पक्ष तीन असतात. काम ज्या कंपनीत करायचे ती क्लायंट कंपनी, पगार देणारी मनुष्यबळ पुरवठादार कंपनी, म्हणजे व्हेंडर, आणि उमेदवार. फोन करणारा रिक्रूटर सहसा व्हेंडरचा माणूस असतो. कधी कधी एका व्हेंडरच्या मागे दुसरा व्हेंडर असतो आणि प्रत्येक जण क्लायंटच्या पैशातून आपला वाटा काढून घेतो. त्यामुळे पहिला प्रश्न सरळ असावा: क्लायंट कोण, पगारपत्रकावर नाव कोणाचे येणार, आणि मध्ये किती कंपन्या आहेत?

क्लायंटचे नाव सांगायला रिक्रूटर बरेचदा कचरतात. उमेदवार परस्पर तिकडे अर्ज करील ही त्यांची भीती अगदीच निराधार नसते. पण नाव न कळता बायोडेटा पुढे पाठवू दिला तर नुकसान उमेदवाराचे होते. एकाच जागेसाठी दोन व्हेंडरांकडून एकच बायोडेटा आला, तर कमिशनच्या वादात पडण्यापेक्षा अनेक क्लायंट तो उमेदवारच बाजूला ठेवतात. शिवाय एका व्हेंडरने नाव नोंदवले की ठरावीक काळ त्या क्लायंटकडे तो उमेदवार त्याच व्हेंडरचा मानला जातो. म्हणून तोंडी बोलणे झाल्यावर आणि बायोडेटा पाठवण्यापूर्वी नाव मागावे. क्लायंटचे नाव, जागा आणि ठरलेला दर लिहिलेला ईमेल आल्यावरच संमती द्यावी. एवढेही लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्या हातात ती जागा नसण्याचीच शक्यता अधिक.

दुसरा मुद्दा पैशाचा, आणि तिथे आकड्याआधी प्रकार विचारायचा असतो. व्हेंडर उमेदवाराला पगारी कर्मचारी म्हणून घेणार, की सल्लागार म्हणून दरमहा बिल मागवणार? पहिल्या प्रकारात भविष्यनिर्वाह निधी, पगारी रजा आणि पगाराच्या पावत्या मिळतात. दुसऱ्यात बिलावर बहुधा 10 टक्के कर कापून रक्कम हातात येते. हा कर पुढे विवरणपत्रात जमेस धरला जातो, म्हणजे तो तोटा नव्हे. पण रजा, विमा आणि निवृत्तीची तजवीज सगळी उमेदवाराच्या गळ्यात पडते. पगाराच्या पावत्या नसल्याने गृहकर्ज मागताना बँक मागील वर्षांची विवरणपत्रे मागते, हेही लक्षात ठेवावे.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका प्रोग्रॅमरचे कायम नोकरीत वर्षाचे पॅकेज 12 लाख रुपये आहे. रिक्रूटर त्याला सल्लागार म्हणून महिना 1,20,000 रुपये देऊ करतो. वर्षाचे 14 लाख 40 हजार होतात, म्हणजे 20 टक्के वाढ दिसते. आता प्रश्न विचारायचा: काम न केलेल्या दिवसाचे पैसे मिळतात का? उत्तर ‘नाही’ असेल आणि महिन्याचे 22 दिवस धरून रोजचा दर काढला जात असेल, तर तो सुमारे 5,454 रुपये पडतो. वर्षात शनिवार-रविवार सोडून 260 दिवस. त्यातून 10 सणांच्या सुट्ट्या, 15 दिवस आजारपण आणि रजा, आणि डिसेंबरअखेर परदेशी क्लायंट काम बंद ठेवतो ते 5 दिवस वजा केले की उरतात 230. हातात येतात सुमारे 12 लाख 55 हजार. वीस टक्क्यांची वाढ साडेचार टक्क्यांवर आली, आणि त्यातूनच कुटुंबाचा आरोग्यविमा काढायचा. ‘महिना इतके’ हा आकडा ऐकून हुरळून जाणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

बिल देऊन काम करणाऱ्यांनी, म्हणजे फ्रीलान्सरांनी, आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांवर गेली तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी करावी लागते आणि बिलावर 18 टक्के कर लागतो. तेव्हा सांगितलेला दर त्या कराशिवाय आहे की धरून? आणि बिलाचे पैसे किती दिवसांत मिळणार? ‘क्लायंटने दिले की देऊ’ हे उत्तर स्वीकारू नये. ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला 2006 च्या कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि ही नोंदणी एकट्या व्यावसायिकालाही विनाशुल्क करता येते.

सर्वांत धूसर भाग ‘टू हायर’चा. कायम करण्याचा निर्णय क्लायंटचा असतो. व्हेंडर त्याचे वचन देऊच शकत नाही. किंबहुना उमेदवार कायम झाला की व्हेंडरचे दरमहाचे उत्पन्न थांबते. मुदतीआधी कायम करायचे तर क्लायंटला व्हेंडरकडे ठरावीक रक्कम भरावी लागते, अशी अट अनेक करारांत असते. म्हणून ‘कामगिरीवर अवलंबून आहे’ या उत्तरावर थांबू नये. कायम जागा क्लायंटकडे आजच मंजूर आहे का? निर्णय कोणता व्यवस्थापक आणि कोणत्या महिन्यात घेणार? ती रक्कम कितव्या महिन्यानंतर लागत नाही? कायम झाल्यावर पगार आत्ताच्या दराला धरून ठरणार, की क्लायंटच्या श्रेणीप्रमाणे खाली येणार? गेल्या वर्षी याच क्लायंटकडे पाठवलेल्यांपैकी किती जण कायम झाले? शेवटच्या प्रश्नाला ज्याच्याकडे आकडा नाही, त्याच्याकडची जागा निव्वळ कंत्राटी समजूनच दर मागावा.

कराराच्या मुदतीकडेही बारकाईने पाहावे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितेनुसार निश्चित मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. करार अकरा महिन्यांचा असेल आणि पुढे वाढलाच नाही, तर हा हक्क हाती येत नाही. सल्लागाराला तर तो लागूच नाही.

मग प्रश्न उरतो बाहेर पडण्याचा. आयटीतल्या कायम नोकरीत सूचनाकाळ बहुधा 60 किंवा 90 दिवसांचा असतो, आणि सी-टू-एचला माणूस पंधरा-तीस दिवसांत हवा असतो. उरलेल्या दिवसांची रक्कम जुन्या कंपनीला भरून सुटका करून घ्यावी लागली, तर ती कोण भरणार? नव्या करारात क्लायंट किती दिवसांच्या सूचनेवर काम थांबवू शकतो, आणि उमेदवाराला किती दिवस आधी सांगावे लागते? क्लायंटला 7 दिवस आणि उमेदवाराला 60, असे करार असतात. काम मध्येच थांबले तर व्हेंडर दुसरे काम मिळेपर्यंत पगार देतो का, हे पगारी कर्मचाऱ्याने जरूर विचारावे. सल्लागाराने पगार मिळणार नाही असेच गृहीत धरावे.

हे सगळे मुलाखतीआधी विचारायचे, कारण मुलाखत उत्तीर्ण झाल्यावर रिक्रूटरला रुजू होण्याच्या तारखेची घाई होते आणि दर एव्हाना क्लायंटला कळवलेला असतो. तो नंतर क्वचितच वाढतो. पंधरा मिनिटांच्या फोनवर ही उत्तरे मिळतात, आणि फोननंतर तीच उत्तरे ईमेलने लिहून पाठवायला सांगावीत. नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपच्या अनामत रकमेच्या नावाखाली कोणी उमेदवाराकडेच पैसे मागितले, तर मात्र पुढे काहीही न विचारता फोन ठेवावा.