चार महिन्यांचं बिल एका महिन्यात

नेहमी हजार-बाराशेच्या आत येणारं वीजबिल एखाद्या महिन्यात एकदम आठ-नऊ हजारांचं येतं. मीटर पळतोय, अशी शंका आधी येते. पण पुष्कळदा मीटर बरोबरच असतो आणि हिशेब चुकलेला असतो. ही चूक बिलावरच्याच आकड्यांवरून दाखवता येते, आणि तक्रारीच्या पत्रात तीच दाखवायची असते. ‘बिल फार आलं, कमी करावे’ एवढंच लिहिलेलं पत्र कार्यालयात नुसतं पडून राहतं.

घराला कुलूप असलं किंवा रीडिंग घेणारा आला नाही, तर कंपनी सरासरी युनिट धरून बिल काढते. अशा बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग एकच असतं, तरी युनिट मात्र लावलेले असतात. सरासरी बिल ओळखायची ही सोपी खूण. पुढे खरं रीडिंग मिळालं की मधल्या सगळ्या महिन्यांचे युनिट एकदम बाहेर येतात. 2020च्या टाळेबंदीत रीडिंग थांबलं होतं. तेव्हाची सरासरी थंडीच्या महिन्यांवरून धरलेली होती आणि पंखे, कूलर चालले भर उन्हाळ्यात. जूनमध्ये मोठाली बिलं हातात पडली आणि राज्यभर ओरड झाली.

आता एक उदाहरण घेऊ. जानेवारीचं खरं रीडिंग 8412. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल या तिन्ही महिन्यांत दरमहा 90 युनिट सरासरीने लावले आणि ग्राहकाने ती बिलं भरली. मे महिन्यात खरं रीडिंग आलं 9092. म्हणजे चार महिन्यांत मिळून 680 युनिट, महिन्याला 170. वापर काही भलताच नाही.

गडबड होते ती स्लॅबमध्ये. घरगुती विजेचा दर पहिल्या 100 युनिटना सर्वांत कमी असतो. 101 ते 300, मग 301 ते 500 आणि 500च्या वर तो चढत जातो. दर बदलत असतात, म्हणून सोयीसाठी अनुक्रमे 6, 11, 15 आणि 17 रुपये धरू. पत्रात मात्र आपल्या बिलावर छापलेलेच दर घ्यावेत. 680 युनिट एकाच महिन्याचे मानले, तर 600, 2200, 3000 आणि 3060 मिळून 8860 रुपये होतात. तेच युनिट चार महिन्यांत वाटले, तर प्रत्येक महिन्याचे 100 युनिट 6 रुपयांनी आणि 70 युनिट 11 रुपयांनी, म्हणजे 1370 रुपये. चार महिन्यांचे 5480. वीज तीच, मीटर तोच, पण फरक 3380 रुपयांचा.

शिवाय सरासरीच्या तीन बिलांत 540 रुपयांप्रमाणे 1620 रुपये ग्राहकाने आधीच भरलेत. ते वजा झाले नाहीत, तर त्याच विजेचे पैसे दोनदा घेतल्यासारखं होतं. वजा करून देणं उरतं 3860 रुपये. म्हणजे बिलात 5000 रुपये जास्त लागले, आणि त्यावरचं 16 टक्के वीज शुल्क म्हणजे आणखी 800. स्थिर आकार दरमहा वेगळा लागतो, त्याला या हिशेबात हात लावू नये.

पत्र उपविभागीय कार्यालयाच्या अभियंत्यांच्या नावे लिहावं. वर ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक आणि बिलाचा महिना. मजकूर एवढाच पुरतो:

‘मे महिन्याच्या बिलात 680 युनिट एकाच महिन्याच्या स्लॅबने आकारले आहेत. हा वापर 8412 ते 9092 या रीडिंगमधला, चार महिन्यांचा आहे. फेब्रुवारी ते एप्रिल ही बिले सरासरीने आली असून ती भरलेली आहेत. तरी युनिट चार महिन्यांत विभागून स्लॅब लावावा, भरलेली रक्कम वजा करावी आणि दुरुस्त बिल द्यावे. हिशेब सोबत जोडला आहे.’

जोडीला तिन्ही जुनी बिलं आणि मीटरचा आजचा फोटो द्यावा. फोटोतलं रीडिंग बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा कमी निघालं, तर आकडा वाचण्यातच चूक झालेली असते आणि मग पत्राचा मुद्दाच वेगळा होतो. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.

निकाल लागेपर्यंत वीज तोडतील, या धास्तीने माणसं पूर्ण रक्कम भरून मोकळी होतात. विद्युत कायदा 2003च्या कलम 56 प्रमाणे वाद चालू असताना, मागलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर पुरवठा तोडता येत नाही. ‘हरकतीसह भरणा’ हे शब्द पत्रात लिहावेत. कार्यालयाने दाद दिली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल. तिथेही पुरावा म्हणून हीच पोच, हाच हिशेब लागतो.

आणि रीडिंग जुळलं, स्लॅब नीट वाटलेला निघाला, तरीही वापर पटत नसेल, तर पत्रात बिल दुरुस्ती मागू नये. मीटर तपासणी मागावी. अर्जाआधी घरातली सगळी उपकरणं बंद करून मीटरवरचा लाल दिवा पाहावा. तो तरीही लुकलुकत राहिला, तर वीज कुठेतरी जाते आहे, आणि आधी वायरमनला बोलवायला हवं.