बॅटरीची किंमत किलोमीटरमध्ये मोजा

भाचीला विजेवर चालणारी स्कूटर घ्यायची होती. कोथरूडहून हिंजवडीला ती नोकरीसाठी जाते, जाऊन-येऊन रोजचे तीसेक किलोमीटर. तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, निवृत्त झालेत. मंडई, बँक, नातवाची शाळा धरून त्यांचे दिवसाचे आठ किलोमीटर होत असतील. दोघांनाही धास्ती एकाच गोष्टीची होती. "मामा, बॅटरी गेली तर साठ हजारांचा खड्डा पडेल ना?" भाचीने विचारलं आणि आम्ही वही काढून बसलो.

आधी एका किलोमीटरमागे किती पैसे वाचतात ते काढलं. पेट्रोल 105 रुपये लिटर आणि जुन्या स्कूटरचं शहरातलं ॲव्हरेज 45 धरलं, तर किलोमीटरला 2 रुपये 33 पैसे पडतात. तीन युनिटच्या बॅटरीची स्कूटर, चार्ज होताना वाया जाणारी वीज धरून, शंभर किलोमीटरला साडेतीन युनिटच्या आसपास खाते. इथे एक चूक सर्रास होते. आपण वीजबिलाची सरासरी काढतो आणि तोच दर स्कूटरला लावतो. पण महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो आणि घरचा वापर शंभर युनिटच्या पुढे असेल, तर स्कूटरचं प्रत्येक युनिट वरच्या, महागड्या टप्प्यात पडतं. म्हणून आम्ही सगळे आकार धरून 12 रुपये युनिट लावलं. किलोमीटरला 42 पैसे झाले. म्हणजे बचत 1 रुपया 90 पैसे.

आता बॅटरीची किंमत रुपयांत न बघता किलोमीटरमध्ये बघा. साठ हजार भागिले 1.90, म्हणजे सुमारे साडेएकतीस हजार किलोमीटर. एवढं चाललं की वाचलेल्या पेट्रोलमधून एक नवी बॅटरी सुटते. स्कूटर पेट्रोलच्या गाडीपेक्षा वीस हजारांनी महाग पडली, तर तेही त्यात मिळवायचे. मग आकडा बेचाळीस हजार किलोमीटरपर्यंत जातो. वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर भाची नऊ हजार किलोमीटर चालवते. तिला तिथे पोचायला चार वर्षं आठ महिने लागतील. दाजींना साडेसतरा वर्षं.

लोकांची समजूत नेमकी याच्या उलट असते. फार चालवणाऱ्याची बॅटरी लवकर जाईल, कमी चालवणाऱ्याने निर्धास्त राहावं, असं सगळे म्हणतात. पण लिथियमची बॅटरी चालवल्याने झिजते, तशी नुसत्या वयानेही उतरते, उन्हात शंभर टक्के भरून उभी ठेवली तर जास्तच. दाजींची बॅटरी आठ वर्षांनी थकली, तर तोवर त्यांचे साडेछत्तीस हजार वाचलेले असतील. जास्तीचे वीस हजार त्यातून वजा केले, की नव्या बॅटरीला उरतात जेमतेम साडेसोळा हजार.

म्हणून वॉरंटीची मुदत आपल्या या आकड्याशेजारी ठेवून वाचायची. मूळ वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते. भाचीचे पैसे तोवर फिटलेले नसतील, उरलेली पावणेदोन वर्षं तिची स्वतःची जोखीम. काही कंपन्या जादा पैसे घेऊन आठ वर्षं किंवा 80 हजार किलोमीटर देतात, यातलं जे आधी संपेल ते. आठ वर्षांत भाचीचे 72 हजार होतात, म्हणजे ती हद्दीत राहते. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्याची हीच वॉरंटी पावणेतीन वर्षांत संपेल, मात्र त्याची बॅटरी त्याच्या कितीतरी आधी, सुमारे वर्षभरातच सुटलेली असेल.

वॉरंटीच्या कागदावर एक आकडा जरूर शोधा. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की कंपनी जबाबदारी घेते? अनेकदा तो 70 असतो. म्हणजे शंभर किलोमीटर जाणारी गाडी बहात्तर जाऊ लागली, तरी कागदाच्या हिशेबी बॅटरी ठणठणीत. काही वॉरंट्यांत असा आकडाच नसतो, फक्त 'निर्मितीतला दोष' एवढंच लिहिलेलं असतं. हळूहळू उतरलेली बॅटरी त्यात बसत नाही. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी, बाहेर खोललेला पॅक, दुसराच चार्जर, चुकलेली सर्व्हिसिंग, महिनोन्‌महिने शून्यावर पडून राहिलेली बॅटरी, यांवरही दावा नाकारला जाऊ शकतो. बदली मिळेल ती नवी की दुरुस्त केलेली, आणि गाडी विकली तर वॉरंटी पुढच्या मालकाला जाते का, हेही विचारावं.

बॅटरीचा भाव शोरूममध्ये तोंडी ऐकून घेऊ नका, करासकट लेखी मागा. विजेच्या अख्ख्या गाडीवर जीएसटी 5 टक्के, पण सुटी लिथियम बॅटरी घेतली की 18 टक्के. आमच्या वहीतले साठ हजार कर धरून होते. विक्रेत्याने तोंडी सांगितलेले साठ हजार करावाचून असतील, तर बिल सत्तर हजार आठशेचं येईल आणि भाचीचा फिटण्याचा आकडा आणखी सुमारे पावणेसहा हजार किलोमीटर पुढे सरकेल.

भाचीने आठ वर्षांची वॉरंटी पहिल्याच दिवशी, गाडीबरोबर घेतली. दाजींनी जुन्या पेट्रोल स्कूटरला नवे टायर टाकून घेतले.